एक्सेलमधला तक्ता काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्येही वाचता यावा म्हणून: बॉर्डर आणि छटा कोणत्या क्रमाने द्यायच्या

लाल म्हणजे उशीर, पिवळं म्हणजे चालू, हिरवं म्हणजे पूर्ण. स्क्रीनवर असा तक्ता एका नजरेत कळतो. तोच प्रिंटरमधून काळा-पांढरा निघाला आणि त्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या, की सगळ्या ओळी सारख्याच मळकट दिसतात. एका बैठकीत माझ्याच तक्त्याची झेरॉक्स हातात घेऊन एकाने विचारलं, "यातली राहिलेली कामं कोणती?" मला कागद पाहून सांगता येईना. रंगाचं काम रंगानेच केलं होतं आणि कागदावर रंग नव्हता.

ही चूक बहुतेक जण एकाच जागी करतात. तक्ता आधी रंगवतात आणि मग प्रिंट फिकट आली म्हणून छटा गडद करतात. छटा गडद केली की अक्षरं बुडतात, म्हणून अक्षरं पांढरी होतात. तिथून पुढे तक्ता सुधारत नाही. क्रम उलटा हवा. आधी अर्थ शब्दांत आणा, मग रेघा ओढा आणि छटा अगदी शेवटी द्या. खाली तोच क्रम एका तक्त्यावर करून दाखवला आहे.

तक्ता असा आहे: २८ कामं, पाच रकाने. A मध्ये काम, B मध्ये कोणाकडे, C मध्ये मुदत, D मध्ये स्थिती आणि E मध्ये लागलेले तास. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणजे माहिती A2 पासून E29 पर्यंत. D रकाना आत्ता रिकामा आहे, कारण स्थिती फक्त रंगाने दाखवली आहे. रंग एक्सेलच्या तयार स्टाइलमधले आहेत: `Good`, `Neutral` आणि `Bad`.

## आधी कारण समजून घ्या

काळा-पांढरा प्रिंट काढताना प्रत्येक रंगाचा फक्त उजळपणा उरतो. तो अंदाजे काढायचं एक जुनं सूत्र आहे. लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांना वेगवेगळं वजन देऊन बेरीज करायची. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. `Bad` स्टाइलचा फिकट लाल म्हणजे `FFC7CE`, आकड्यांत २५५, १९९, २०६. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये हे टाकून पाहा:

```
=0.299*255+0.587*199+0.114*206
```

उत्तर साधारण २१७ येतं. हाच हिशोब `Good` च्या फिकट हिरव्याला, म्हणजे `C6EFCE` ला लावला तर २२३ येतात आणि `Neutral` च्या पिवळ्याला, म्हणजे `FFEB9C` ला लावला तर २३२. डोळ्याला तीन टोकांचे वाटणारे हे रंग राखाडीत आले की एकमेकांना जवळजवळ चिकटतात. लाल आणि हिरव्यात तर २५५ पैकी जेमतेम सहाचा फरक उरतो. प्रत्येक प्रिंटरचा हिशोब थोडा वेगळा असतो, पण इतका बारीक फरक कागदावर सहसा टिकत नाही.

दुसरं कारण टोनरचं. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरकडे राखाडी टोनर नसतोच, असतो फक्त काळा. राखाडी दाखवायला तो बारीक काळे ठिपके टाकतो: फिकट छटेला लहान आणि विरळ, गडद छटेला मोठे आणि दाट. भिंग धरून पाहिलं तर हे ठिपके स्पष्ट दिसतात. पुढचे जवळजवळ सगळे नियम यातूनच निघतात. ठिपक्यांच्या शेजारी बारीक अक्षर आलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मराठीत पहिला बळी जातो अनुस्वाराचा, आकड्यांत दशांश चिन्हाचा. गडद छटेवरचं `12.5` झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये १२५ वाचलं जाऊ शकतं.

## टप्पा १: तयारी

फाइलची प्रत करा आणि काम प्रतीवर करा. रंग काढून टाकल्यावर कोणत्या ओळीला कोणता होता हे आठवत नाही.

मग एका कागदावर लिहा, तक्त्यातला प्रत्येक रंग नेमकं काय सांगतो. "लाल = उशीर" अशी सरळ यादी. एखाद्या रंगासमोर लिहायला काहीच सुचलं नाही, तर तो केवळ सजावट आहे आणि तो जाणार. आपल्या तक्त्यात शीर्षकाचा गडद निळा असाच निघाला. तो काही सांगत नव्हता, फक्त टोनर खात होता.

आता चाचणी-पट्टी काढा. हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे, आणि पाच मिनिटांचं आहे. रिकाम्या शीटवर एकाखाली एक पाच सेल घ्या. `Fill Color` च्या पॅलेटमध्ये पांढऱ्याच्या खाली राखाडीच्या पाच पायऱ्या असतात: `Darker 5%`, `15%`, `25%`, `35%` आणि `50%`. क्रमाने एकेक सेलला द्या. प्रत्येकात तक्त्याच्याच फॉन्टमध्ये आणि आकारात "अंदाजे 12.5 तास, चिंचोळं" असं काहीतरी लिहा, म्हणजे अनुस्वार, वेलांटी आणि दशांश चिन्ह तिन्ही येतील. प्रिंट काढा, त्या प्रिंटची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सकडे पाहा.

बहुतेक वेळा असं दिसतं: ५ टक्क्यांची छटा झेरॉक्समध्ये गायब असते किंवा डागासारखी वाटते. १५ ची छटा दिसते आणि अक्षरंही स्वच्छ राहतात. २५ ला छटा ठसठशीत, पण लहान अक्षरांत अनुस्वार डगमगायला लागतो. ३५ आणि ५० अक्षरांच्या मागे ठेवण्याजोगे नसतात. तुमच्या प्रिंटरवर ही सीमा एखाद्या पायरीने इकडेतिकडे होईल. म्हणूनच पट्टी काढायची.

सावधान: प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टोनर वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर छटा आणखी फिकट येतात. खरी प्रत ज्या सेटिंगवर निघणार आहे, पट्टीही त्याच सेटिंगवर काढा.

## टप्पा २: स्थिती शब्दांत लिहा

रंग काढण्याआधी D रकाना भरा. लाल ओळीसमोर "उशीर", पिवळ्यासमोर "चालू", हिरव्यासमोर "पूर्ण". एवढं झालं की तक्त्याची निम्मी दुरुस्ती झाली. पुढचं सगळं नजरेच्या सोयीसाठी आहे, अर्थ आता छटेवर अवलंबून नाही.

हाताने टाइप करू नका. D2 ते D29 निवडा, `Data` मधून `Data Validation` उघडा, `Allow` मध्ये `List` घ्या आणि `Source` मध्ये लिहा:

```
पूर्ण,चालू,उशीर
```

आता प्रत्येक सेलमध्ये यादीतून निवडता येईल. हे शिस्तीसाठी नाही, पुढच्या गरजेसाठी आहे. टप्पा ५ मध्ये छटा या शब्दावरून आपोआप लागणार आहे. यादी नसेल आणि कोणी "उशिर" लिहिलं किंवा शब्दानंतर एक जागा सोडली, तर त्या ओळीला छटा लागणार नाही आणि एक्सेल काही तक्रारही करणार नाही.

चिन्हं वापरावीत का? भरलेलं वर्तुळ, अर्धं वर्तुळ, रिकामं वर्तुळ अशी चिन्हं दिसायला नेटकी असतात, पण प्रत्येक पानावर खुलासा छापावा लागतो आणि लहान आकारात अर्धं वर्तुळ झेरॉक्समध्ये भरून जातं. मी शब्दच ठेवतो.

## टप्पा ३: जुने रंग पूर्ण काढा

इथे एक सापळा आहे. `Clear Formats` हा एका क्लिकचा उपाय वाटतो, पण तो तारखांचं स्वरूपही पुसतो. मुदतीच्या रकान्यात १५ जून २०२४ ऐवजी `45458` दिसायला लागतं. घाबरू नका, तारीख गेलेली नाही, तो एक्सेलचा दिवसांचा अंतर्गत आकडा आहे. तरीही पुन्हा स्वरूप देत बसण्यापेक्षा रंग असे काढा:

पूर्ण तक्ता निवडून `Fill Color` मध्ये `No Fill` द्या. मग `Font Color` मध्ये `Automatic`. दुसरं करायला लोक विसरतात. `Bad` स्टाइलमध्ये अक्षरंही गडद लाल असतात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये रंगीत अक्षर राखाडी होतं, म्हणजे ठिपक्यांनी बनतं आणि त्याच्या कडा खरबरीत होतात. अक्षर नेहमी शुद्ध काळंच हवं.

एवढं करूनही रंग राहिला तर तो दोनपैकी एका ठिकाणाहून येतोय. पहिलं ठिकाण म्हणजे `Conditional Formatting`. त्यातून `Clear Rules` आणि पुढे `Clear Rules from Entire Sheet` निवडा. दुसरं म्हणजे `Format as Table` ने लावलेली तयार स्टाइल. `Table Design` मध्ये जाऊन स्टाइलच्या यादीच्या तळाशी असलेलं `Clear` दाबा. ओळीआड ओळ पट्टे तिथूनच येतात.

पट्ट्यांबद्दल माझं मत ठाम आहे: छटेने अर्थ सांगायचा असेल तर पट्टे नकोत. कागदावर आपल्याकडे एकच राखाडी विश्वासाची आहे. ती पट्ट्यांत खर्च केली तर "ही ओळ करडी का? उशिरामुळे की पट्ट्यामुळे?" हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

तपासा: आता तक्ता पूर्ण पांढरा, अक्षरं काळी आणि तारखा जागच्या जागी दिसायला हव्यात. `View` मधून `Gridlines` ची खूण काढा. स्क्रीनवरच्या त्या फिकट रेघा सहसा छापल्या जात नाहीत, पण आपल्याला बॉर्डर आहे असा भास देतात.

## टप्पा ४: रेघा

एक नियम पक्का धरा. रेघ हलकी हवी असेल तर ती राखाडी करू नका, बारीक करा. स्क्रीनवर राखाडी रेघ सुरेख दिसते. लेझर प्रिंटर मात्र तीही ठिपक्यांनीच काढतो, आणि रेघेच्या रुंदीत ठिपक्यांना जागाच नसते. मग ती तुटक निघते, कुठे दिसते, कुठे नाही. काळी बारीक रेघ ठिपक्यांशिवाय सलग छापली जाते. कितीही नाजूक असली तरी ती काळीच असते.

एक्सेलमध्ये बॉर्डरची जाडी पॉइंटमध्ये देता येत नाही, नमुन्यांतून निवडावी लागते. आपल्याला तीन पुरतात: बारीक सलग, मध्यम सलग आणि "काहीच नाही". सर्वात नाजूक दिसणारा ठिपक्यांचा नमुना मोहात पाडतो, पण तो झेरॉक्समध्ये आधी विरतो. तो सोडा.

तक्ता निवडा, `Ctrl+1` दाबा आणि `Border` टॅबवर जा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी `Style` मध्ये नमुना, मग `Color` मध्ये `Automatic`, आणि त्यानंतरच चित्रातल्या कडेवर क्लिक. कडेवर आधी क्लिक केलं तर आधीचाच नमुना लागतो, आणि जाडी बदलूनही रेघ बदलत नाही म्हणून माणूस वैतागतो.

आमच्या तक्त्यात रेघा अशा ओढल्या:

पहिल्यांदा A1:E29 निवडून `None` दाबलं, म्हणजे जुनं काही उरलं नाही. मग बारीक नमुना घेऊन फक्त आतली आडवी रेघ. त्यानंतर मध्यम नमुना घेऊन वरची आणि खालची कड. शेवटी फक्त A1:E1 निवडून खालच्या कडेला मध्यम रेघ. शीर्षकाची अक्षरं ठळक केली. निळा पट्टा गेला तरी शीर्षक वेगळं दिसतं, कारण ठळक अक्षर आणि त्याखालची जाड रेघ एवढं पुरेसं असतं.

शीर्षकाची रेघ शेवटी ओढण्याचं कारण आहे. शेजारच्या दोन सेलची कड एकच असते आणि तिच्यावर शेवटी जे लावाल ते टिकतं. आधी शीर्षकाची मध्यम रेघ ओढून नंतर संपूर्ण तक्त्याला बारीक रेघा दिल्या, तर शीर्षकाची रेघ बारीक होऊन बसते.

उभ्या रेघा लावल्याच नाहीत, एक सोडून. मुदत, स्थिती आणि तास हे रकाने आपापल्या मजकुरामुळे वेगळे दिसतातच. उभी रेघ लागते ती दोन आकडी रकाने चिकटून आले तर. आपल्याकडे तसं नव्हतं, पण तास वेगळे वाचता यावेत म्हणून D आणि E च्या मध्ये एक बारीक रेघ ठेवली. सगळीकडे जाळी केली असती तर डोळा ओळीवरून सरळ जाण्याऐवजी चौकटी मोजत बसला असता.

सावधान: उशिराच्या ओळीभोवती जाड चौकट ओढायचा विचार मनात आला तर थांबा. एक्सेलमध्ये सॉर्ट केल्यावर सेलचा पार्श्वरंग मजकुराबरोबर हलतो, बॉर्डर मात्र जागच्या जागी राहते. उद्या कोणी मुदतीनुसार क्रम लावला तर चौकट भलत्याच कामाभोवती दिसेल. एखाद्या ओळीची स्थिती बॉर्डरने सांगू नका. बॉर्डर तक्त्याच्या रचनेसाठी ठेवा.

## टप्पा ५: छटा, एकच

आता छटा. तीन स्थितींना तीन राखाडी द्यायच्या नाहीत. "यातलं गडद कोणतं?" हे ठरवायला दोन ओळी शेजारी लागतात, आणि एक ओळ पहिल्या पानावर, दुसरी तिसऱ्या पानावर असेल तर तुलना होऊच शकत नाही. छटा आहे किंवा नाही, इतकाच फरक कागदावर निःशंक कळतो. म्हणून वाचणाऱ्याने थांबून पाहावं अशी एकच स्थिती निवडा. इथे ती "उशीर" आहे. बाकी दोन्ही पांढऱ्या.

A2 पासून E29 पर्यंत निवडा, सुरुवात A2 पासूनच करा. `Conditional Formatting` मधून `New Rule`, मग `Use a formula to determine which cells to format`, आणि सूत्र:

```
=$D2="उशीर"
```

D च्या आधीचं `$` राहिलं तर प्रत्येक रकाना आपल्यापासून तीन रकाने पुढचा सेल तपासतो, आणि मग एखादाच सेल करडा होतो, पूर्ण ओळ होत नाही. उलट, निवड करताना A2 ऐवजी दुसऱ्या कुठल्या तरी ओळीतल्या सेलपासून सुरुवात केली तर छटा वरच्या किंवा खालच्या ओळीला लागते. ओळ करडी दिसते पण तिच्यात "पूर्ण" लिहिलेलं आहे, असं दिसलं तर कारण हेच असतं.

`Format` मध्ये चाचणी-पट्टीवर जी छटा झेरॉक्समध्येही टिकली ती द्या. आमच्याकडे ती `Darker 15%` होती. त्याच खिडकीत `Font` टॅबवर `Bold` करा. छटेबरोबर ठळक अक्षर हवंच: जाड रेषा ठिपक्यांत बुडत नाहीत, आणि झेरॉक्समध्ये छटा पार उडाली तरी ठळकपणा राहतो. म्हणजे उशीर आता तीन प्रकारे कळतो, शब्दाने, ठळकपणाने आणि छटेने. यातलं कोणतंही एक गेलं तरी ओळ सापडते.

पांढरी अक्षरं आणि गडद पार्श्वभूमी हा पर्याय मी देतच नाही. टोनर किंचित पसरतो, आणि पांढऱ्या अक्षराच्या बाबतीत तो अक्षराच्या आत घुसतो. देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरांची पोकळी आधीच लहान असते, ती भरून जाते.

## टप्पा ६: पान लावा

`Page Layout` मधून `Print Titles` उघडा आणि `Rows to repeat at top` मध्ये लिहा:

```
$1:$1
```

तक्ता दुसऱ्या पानावर गेला तरी शीर्षक सोबत जाईल. ही खिडकी `Page Layout` मधूनच उघडा. प्रिंटच्या पडद्यावरून उघडली तर हा रकाना मंद दिसतो आणि भरता येत नाही.

मग `Page` टॅबवर `Adjust to` चा आकडा पाहा. "सगळे रकाने एका पानावर" असं निवडलं असेल तर एक्सेल गुपचूप आकार कमी करतं. ११ पॉइंटचं अक्षर ६५ टक्क्यांवर जेमतेम ७ चं होतं. करड्या ओळीवर एवढं लहान अक्षर तुमच्या चाचणी-पट्टीतल्या अक्षरापेक्षा वेगळं वागेल, म्हणजे चाचणी वाया. आकडा ८० च्या खाली गेला तर पान `Landscape` करा किंवा एखादा रकाना लपवा.

## टप्पा ७: कागदावर तपासणी

तपासणी दोनदा करायची. पहिली, सगळ्यात कठोर: `Page Setup` च्या `Sheet` टॅबवर `Black and white` ला खूण करा आणि प्रिंटचं पूर्वदृश्य पाहा. या पर्यायात एक्सेल सेलचे पार्श्वरंग सोडून देतं आणि अक्षरं काळी करतं. छटेशिवायही उशिराची कामं शब्दावरून आणि ठळकपणावरून सापडली पाहिजेत. सापडत नसतील तर टप्पा २ मध्ये काहीतरी राहिलं आहे, इथे छटा वाढवून उपयोग नाही.

सावधान: पाहून झालं की खूण काढा. ती तशीच राहिली तर छटा छापलीच जाणार नाही, आणि मग "प्रिंटर बिघडलाय" म्हणून तासभर शोध चालतो.

दुसरी तपासणी खऱ्या कागदावर. प्रिंट काढा, तिची झेरॉक्स काढा, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. शेवटची प्रत हातभर लांब धरा आणि या तीन गोष्टी पाहा: बारीक आडवी रेघ डावीकडून उजवीकडे सलग जाते का, करड्या ओळींतला प्रत्येक अनुस्वार आणि दशांश चिन्ह दिसतं का, आणि करड्या ओळी मोजून येणारा आकडा D रकान्यातल्या "उशीर" च्या संख्येइतकाच आहे का. तो आकडा स्क्रीनवरून काढायला:

```
=COUNTIF(D2:D29,"उशीर")
```

आमच्या तक्त्यात हा आकडा ६ आला आणि कागदावर करड्या ओळी ५ दिसल्या. सहावी ओळ तिसऱ्या प्रतीत पांढरी पडली होती, पण ठळक होती आणि "उशीर" हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. कागदाच्या खालच्या कडेला त्या दिवशी टोनर कमी बसत होता. छटेला हात लावला नाही, प्रत तशीच वाटली.